‘जमणार नाही’ : नवशिक्यांसाठी प्रवेशिका

साहित्य : एक ओटा, पाण्यानं भरलेला तांब्या, एक पेला आणि एक वाक्य. वाक्य आधी पाठ करून ठेवावं, ऐनवेळी सुचत नाही. ते असं : ‘जमणार नाही आण्णा, पाणी घ्या.’

एवढ्यावर काम भागतं. पुढचं सगळं हे वाक्य का लांबवू नये हे सांगण्यासाठी आहे.

ही प्रवेशिका ज्यांच्या हाती घराचा कारभार नुकताच आला आहे त्यांच्यासाठी. म्हणजे काल-परवापर्यंत पावतीपुस्तकवाले आले की वडील बाहेर जायचे आणि आपण आत मोबाईल बघत बसायचो, असे. शिवाय पुण्याहून दिवाळीला आलेले आणि ओट्यावर एकटेच सापडलेले चिरंजीव, आणि घरात नव्यानं आलेल्या सुनाही. सुनांना विशेष सूचना : ‘मालक घरी नाहीत’ हे वाक्य विसरून जावं. त्याचं उत्तर ठरलेलं आहे : ‘असू द्या की वहिनी, तुमच्या नावानं फाडतो.’

मी हे कोणत्या अधिकारानं सांगतोय तेही सांगून टाकतो. मी बऱ्याच वर्षांपासून सप्त्याचं पावतीपुस्तक काखेत मारून याच गल्ल्यांतून फिरतो. नकार कसा द्यावा हे नकार घेणाऱ्यालाच जास्त कळतं.

गावाची रचना तुमच्या विरोधात आहे

आधी जागा समजून घ्या. सास्तूर हे लोहारा तालुक्यातलं, तेरणेच्या खोऱ्यातलं गाव. १९९३ सालची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. विसर्जन उरकून लोक उशिरा झोपले आणि ३० च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. सरकारी हिशेबात मृतांचा आकडा जवळपास आठ हजारांचा आहे. त्यानंतर बावन्न गावं दुसऱ्या जागी वसवली, त्यांत आपलं होतं. आजचं गाव ते हे.

जुन्या गावठाणात दगड-मातीच्या जाड भिंती होत्या, माळवदं होती, बोळ होते. वर्गणीवाले समोरून येताना दिसले तर माणूस एका बोळातून शिरून दुसऱ्यातून निघायचा. नव्या गावठाणात रस्ते सरळ आणि रुंद, घरं सुटी, मधे मोकळी जागा. ते तुम्हाला चौकातून दिसतात आणि तुम्हीही त्यांना तिथूनच दिसता. नजरानजर झाली की आत जाऊन दार लावणं हा नकार नाही, तो अपमान आहे, आणि गाव तो लक्षात ठेवतं. म्हणून पहिला नियम : दिसलात ना, मग बाहेर या.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. पुनर्वसनात घरं जमिनीच्या धारणेवरून मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्यावरच्यांना ७५०. तीस वर्षांत लोकांनी पुढं-मागं खोल्या काढल्या, वर मजले चढवले, घरं विकली, घेतली, वाटली. पण कोणतं मूळ घर कोणत्या मापाचं हे जुन्या माणसांना पाठ आहे. त्यामुळं आपल्याकडं पावतीवाल्याला तुमची ऐपत विचारावी लागत नाही, ती त्याला भिंतीवरून वाचता येते. साडेसातशेच्या घरासमोर उभं राहून तो एकशे एक कधी म्हणणार नाही. आणि अडीचशेच्या घरात चार पोरं नोकरीला लागली असली तर तेही त्याला माहीत असतं.

तेव्हा ‘आमची परिस्थिती नाही’ हे वाक्य सास्तुरात बोलू नये. ते तपासता येतं.

कोण आलंय ते आधी बघा

सगळे मागणारे एक नव्हेत आणि सगळ्यांना एक नकार चालत नाही.

परडी घेऊन जोगवा मागायला आलेली बाई ही या प्रवेशिकेच्या कक्षेबाहेर आहे. आपण तुळजापूरच्या भवानीच्या जिल्ह्यात राहतो. पाच घरी जोगवा मागायचा नवस कुणाचाही असू शकतो, तुमच्या आत्याचाही. तिथं मूठभर पीठ घाला आणि मोकळे व्हा. तिच्याकडं पावतीपुस्तकही नसतं आणि तिला तुमच्याकडून नावही नको असतं. वासुदेव, गोंधळी यांचंही तसंच. नाहीच द्यायचं तर ‘पुढं व्हा बाबा’ म्हटलं की ते पुढं होतात, वर आशीर्वाद देऊन जातात. इतका सुटसुटीत व्यवहार पावतीपुस्तकात उरलेला नाही.

गावच्या सप्त्याची पट्टी ही दुसरी गोष्ट. ती देणगी नव्हे. ती बैठकीत ठरते, उंबऱ्यामागं अमुक, आणि बैठकीला तुम्ही नसलात तर तुमचा चुलता होता. पट्टीला ‘जमणार नाही’ म्हणणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. फक्त पुढच्या वेळी त्याच्या शेताचा रस्ता अडला तर मधे पडायला येणारी माणसं कमी होतात. मी असं म्हणत नाही की हे बरोबर आहे. पण नवशिक्यानं हात पट्टीवर साफ करू नये. पट्टी जड जात असेल तर कमी करून मागावी, हप्ते करून मागावेत किंवा ज्वारी द्यावी. भावाभावांनी चुली वेगळ्या करून दोन शिधापत्रिका काढल्या की उंबरे दोन झाले आणि पट्टीही दोन झाली. ही तक्रार घेऊन दर वर्षी कुणीतरी बैठकीत उभं राहतं आणि दर वर्षी त्याला बसवलं जातं.

पट्टीच्या बाबतीत एकच धोक्याची सूचना. ‘पैशाचं जमत नाही, पण वाढायला येतो’ असं चुकूनही म्हणू नका. सप्ता सात दिवसांचा, आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. रोज दोन पंगती. पाचशे रुपये वाचवायला गेलेला माणूस आठ दिवस आमटीची बादली घेऊन उन्हात पळताना मी बघितला आहे. शिवाय पुढच्या वर्षी त्याला कुणी विचारतही नाही, त्याचं नाव वाढप्यांच्या यादीत आधीच असतं.

मग उरतात ते खरे गिऱ्हाईक : परगावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची समिती, कुठल्यातरी मठाचा सभामंडप, कळसारोहण, कुणी काढलेली नवीन दिंडी. नकार शिकायचा तो यांच्यावर.

ओट्यावरचा प्रयोग

एक प्रसंग सावकाश बघू. असा प्रसंग सोयाबीन मोंढ्यावर गेलं की दर आठवड्याला घडतो. वेळ संध्याकाळी सातची, कारण त्या वेळी माणूस शेतातून आलेला असतो आणि जेवायला बसलेला नसतो. गाडी गल्लीच्या तोंडाला थांबते. चौघं उतरतात. पुढं पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर, त्यांच्या मागं पावतीपुस्तकवाला, त्याच्या मागं एक तरुण, त्याच्या खिशात चौकटीत बसवलेला स्कॅनर. आणि सगळ्यात शेवटी, जरा अंग चोरून, आपल्याच गावातला एक माणूस.

तो चौथा फार महत्त्वाचा. परगावची समिती कधी एकटी फिरत नाही. ती ज्या गावात जाते तिथला एक वळखीचा माणूस बरोबर घेते. त्यानं मेहुण्याच्या शब्दाखातर तासभर दिलेला असतो. तो काही बोलत नाही. त्याचं काम फक्त तुम्हाला दिसणं एवढंच असतं. नवशिके इथंच फसतात. ते त्या वळखीच्या माणसाकडं बघून बोलायला लागतात, ‘काय दाजी, तुम्ही कसे काय?’ आणि मग दाजींना नकार देण्याची पाळी येते. दाजींना नकार देता येत नाही, दाजींच्या ट्रॅक्टरनं तुमची पेरणी झालेली असते.

म्हणून दाजींना नुसता रामराम घालावा आणि तोंड टोपीवाल्या बुवांकडं करावं. नकार त्यांना द्यायचा. मग दाजींचा शब्द पडत नाही, दाजींना कुणी नाही म्हटलेलंच नसतं. उलट मनातून दाजी खूश होतात, कारण त्यांनाही जेवायचं असतं.

आता क्रम. ओट्यावरून खाली या, चप्पल घाला. चप्पल घातलेला माणूस निघायच्या बेतात दिसतो. ‘आत या’ म्हणू नका. आत आले की बसणार, बसले की चहा होणार, चहा होईपर्यंत बुवा मंदिराचा इतिहास सांगणार, आणि ज्याचा इतिहास आपण बशीतून चहा पीत ऐकला त्याला रिकाम्या हातानं पाठवणं फार कठीण असतं. पाणी मात्र द्या, उभ्यानंच. पाणी न विचारता नकार दिला तर तो नकार माणसाला दिला असा होतो, पाणी देऊन दिला तर फक्त पावतीला दिला असा होतो. हा फरक गावाला नेमका कळतो.

त्यांचं पहिलं वाक्य पूर्ण होऊ द्या. कोण, कुठले, कशाचं काम. मधे तोडू नका. पण प्रश्न विचारू नका. ‘कळस पितळी का तांब्याचा?’, ‘एकूण बजेट किती?’, ‘किती जमलेत?’ हे प्रश्न तुम्ही माणुसकीनं विचारता, पावतीपुस्तकवाल्याला ते आवड म्हणून ऐकू येतात. आणि ‘किती जमलेत’ म्हटलं की तो पुस्तक उघडून पहिलं पान दाखवतो. पहिलं पान कधीही बघू नये. त्यावर कुण्या मोठ्या माणसाच्या नावापुढं अकरा हजार एकशे अकरा लिहिलेले असतात. ते त्यानं दिलेत का द्यायचं म्हणालाय, हे पानावर लिहिलेलं नसतं. पण तो आकडा बघितल्यावर पाचशे एक हा आपलाच आकडा आपल्याला लाजिरवाणा वाटायला लागतो, आणि पहिलं पान त्यासाठीच असतं. आम्ही सप्त्याला हेच करतो. पहिली पावती कुणाची फाडायची यावर आमच्यात दोन दिवस चर्चा चालते.

म्हणून पेनाचं टोपण निघायच्या आत वाक्य म्हणायचं. आवाज नेहमीचा, नजर बुवांकडं : ‘जमणार नाही आण्णा, पाणी घ्या.’

इथं पहिला भाग संपतो. बहुतेकांचा घात दुसऱ्यात होतो.

कारण देऊ नका

‘जमणार नाही’ म्हटल्यावर दोन-तीन क्षण शांतता पसरते. ती नवशिक्याला सोसत नाही. तो ती भरायला जातो आणि भरायला त्याच्याकडं कारणाशिवाय काही नसतं. पावतीवाला याच कारणाची वाट बघत असतो. नुसत्या नकारावर त्याला काही करता येत नाही. कारणावर मात्र त्याला उपाय सुचतो, आणि गावोगाव फिरून त्याच्याकडं सगळ्या कारणांचे उपाय तयार असतात.

‘सोयाबीन अजून विकलं नाही.’ मग धान्य द्या की, गाडी आणलीय. पायलीभर का होईना.

‘सुट्टे नाहीत.’ हे एकेकाळी चांगलं कारण होतं, आता त्याच्यासाठीच तो तिसरा पोरगा उभा आहे.

‘आत्ताच एका मंदिराला दिले.’ वा, म्हणजे देणारं घर आहे!

‘कर्ज आहे.’ टोपीवाल्या बुवांचं तुमच्यापेक्षा जास्त आहे, आणि ते सांगायला त्यांना आवडतं.

‘मी देव मानत नाही.’ हे कारण देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की संध्याकाळी सात वाजता देऊ नका. देव आहे का नाही हा प्रश्न आपल्या ओट्यावर रात्री दहापर्यंत सुटत नाही, आणि तेवढ्या वेळात चहा दोनदा होतो.

‘सुतक आहे.’ खरं असेल तर तुम्हाला ते सांगावंच लागत नाही, दाजींनी गाडी तुमच्या दारात आणलीच नसती. खोटं असेल तर सकाळपर्यंत तुमच्या घरी कोण वारलं हे विचारायला चार माणसं येतील.

आणि सगळ्यात वाईट, ‘बघू’. हे कारणही नाही आणि नकारही नाही. वर्गणीच्या वहीत आम्ही नावापुढं चार प्रकारचे शेरे मारतो : दिले, बाकी, बघू आणि नाही. ‘नाही’ वर एक आडवी रेघ मारतो आणि ते नाव संपतं. ‘बघू’ मात्र दर दोन दिवसांनी उघडावं लागतं. लोकांना वाटतं नाही म्हणणाऱ्याचा राग येत असेल. येतो, नाही कशाला म्हणू, पण तो पुढच्या घरापर्यंत टिकतो. ज्यानं सात चकरा मारायला लावून आठव्या वेळी नाही म्हटलं, त्याचं नाव मात्र आम्ही चहाच्या टपरीवर घेतो.

‘यंदा’ हा शब्दही जपून. ‘यंदा जमणार नाही’ ऐकायला गोड वाटतं, आणि गावच्या माणसाला तसंच म्हणावं, कारण त्याच्याशी पुढच्या वर्षीही बोलायचं आहे. परगावच्या समितीला मात्र ‘यंदा’ म्हणू नका. ते वहीत पुढचं साल लिहितात.

आकडा उतरायला लागला की

तुम्ही कारण दिलं नाहीत तर आकडा उतरतो. अकराशेवरून पाचशे एक, पाचशे एकवरून दोनशे एक्कावन्न, मग एकशे एक. प्रत्येक उतरणीला नवशिक्याला वाटतं की आता समोरचा इतका खाली आला, आपणही थोडं पुढं सरकावं. सरकू नये. तो खाली आलेला नाही, तो पायऱ्या मोजतोय. तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणायचं, शब्द न बदलता. पहिल्यांदा ‘जमणार नाही’ आणि दुसऱ्यांदा ‘अवघड आहे हो’ म्हणालात की दोहोंमधला फरक त्याला कळतो. ‘अवघड आहे’ म्हणजे शंभर रुपये.

एकशे एकच्या खाली एक शेवटची पायरी आहे आणि ती सगळ्यात निसरडी : ‘जाऊ द्या, जे काय मनात येईल ते द्या.’ इथं आकडाच नाही, त्यामुळं नाही कशाला म्हणायचं हेच कळत नाही. शिवाय आता काही दिलं नाही तर मनात काहीच आलं नाही असा अर्थ होतो. इथं वाक्य बदलायची मुभा आहे. ‘मनापासून नमस्कार आण्णा, पण पावती नको.’ आणि खरोखर नमस्कार करायचा, दोन्ही हातांनी. जोडलेल्या हातात नोट धरता येत नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

आता आपल्या गावातला खास डाव. बुवा तुम्हाला सोडून गावाकडं वळतात. ‘सास्तूरकरांनी नाही म्हणावं? भूकंपात साऱ्या देशानं तुम्हाला दिलं. आमच्या गावातून भाकरी बांधून ट्रक आला होता.’

हे ऐकल्यावर चांगली चांगली माणसं खिशात हात घालतात. घालणारच. ज्या पहाटे घरातली माणसं ढिगाऱ्याखालून काढली त्या पहाटेनंतर इथं अनोळखी लोकांनी आणलेलं अन्न सगळ्यांनी खाल्लं आहे. पुढं जी घरं मिळाली तीही देणगीदार संस्था, सरकार आणि जागतिक बँकेचं कर्ज यांच्यातून उभी राहिली. आपण घेणाऱ्यांच्या बाजूला उभे राहिलेलो आहोत आणि ते विसरलेलो नाही. म्हणूनच या वाक्याला उलट उत्तर देऊ नये. ‘ते भाकरीसाठी होतं, हे कळसासाठी आहे’ असं म्हणणारा तर्कात जिंकतो, पण बुवांच्या गावच्या भाकरीचा हिशेब त्यानं काढला असं होतं, आणि दाजी खाली मान घालतात.

इथं फक्त एवढं म्हणायचं : ‘खरंय.’

आणि थांबायचं. ते खरंच आहे. बुवांनी सांगितलेली गोष्ट शंभर टक्के कबूल, तिच्यातून त्यांनी काढलेला आकडा कबूल नाही, आणि हे दोन वेगळे आहेत हे बोलून दाखवायची गरज नाही. ‘खरंय’ नंतर बुवा आणखी दोन वाक्यं बोलतील, त्यांनाही ‘खरंय’. मग स्वतःच म्हणतील, ‘बरं, मग?’ तेव्हा पुन्हा तेच आपलं पाठ केलेलं वाक्य. माझ्या पाहण्यात या ‘खरंय’ वर उपाय सापडलेला पावतीवाला नाही. मलाही सापडलेला नाही.

कायदा कधी काढावा

काही शिकलेली पोरं बाहेर येताच म्हणतात, ‘परवानगी दाखवा.’ कायदा आहे, खरा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. नोंदणी नसलेल्या मंडळानं किंवा समितीनं धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते. म्हणून गणपतीच्या आधी मंडळांची त्यासाठी धावपळ असते. नोंदणी झालेला न्यास असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, पावत्यांना छापील अनुक्रमांक असतो आणि स्थळप्रत पुस्तकात राहते. कोऱ्या पुस्तकावर नुसता रबरी शिक्का, स्थळप्रत नाही आणि स्कॅन केल्यावर पडद्यावर मंदिराऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं, तर काय समजायचं ते समजावं.

पण हे लक्षात घ्या की परवानगी मागणं हेही कारणच आहे. त्यांनी ती काढून दाखवली तर? परगावच्या बऱ्याच समित्या तिची झेरॉक्स खिशातच ठेवतात. तुम्ही अट घातलीत, त्यांनी ती पुरी केली, आता पावती फाडणं तुमच्यावर आलं. म्हणून द्यायचं असेल तेव्हाच परवानगी विचारावी. द्यायचंच नसेल तर कागद खरे असोत का खोटे, आपलं वाक्य बदलत नाही.

अपवाद एकच. कुणी दम द्यायला लागला, गाडी अडवली, ‘बघून घेतो’ म्हणाला, तर ती वर्गणी राहिली नाही, ती खंडणी झाली. तिथं ही प्रवेशिका बाजूला ठेवून ११२ लावायचा.

पुण्या-लातुरात सोसायटीत राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. देखभालीचं शुल्क हे देणं आहे, ते गुपचूप भरावं. गणपतीची किंवा आवारातल्या मंदिराची वर्गणी ही खुशीची गोष्ट आहे. ती देखभालीच्या बिलातच घालून आली तर सचिवांना एकट्याला गाठून, लिफ्टमध्ये नाही, शांतपणे म्हणावं, ‘हे वेगळं काढा, मी वर्गणीत नाही.’ सोसायटीत पाणी द्यावं लागत नाही, दार अर्धवट उघडलेलं चालतं. गावाकडच्या माणसाला हे फारच सोपं वाटेल.

नकारानंतर

ओट्यावरून चौघं वळले की काम संपलं असं समजून आत जाऊ नका. त्यांच्याबरोबर चार पावलं चाला, गाडीपर्यंत गेलात तर उत्तम. ‘अंधार झालाय, माकणीच्या रस्त्यानं जाताना वळणावर जपून’ एवढं म्हणा. नकार दिलेल्या माणसाला आपण जितकं लांब पोचवतो तितका तो नकार हलका होतो. पाहुण्यांना आपण दारापर्यंत पोचवतो, यांना गाडीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दाजी भेटतील. वर्गणीचा विषय तुम्ही काढायचा नाही. ‘काल जरा वाईट वाटलं’ वगैरे काही नाही. काल काही झालंच नव्हतं. तुरीला फुलं कशी आहेत ते विचारा. दाजींनीच विषय काढला आणि ‘बुवा म्हणत होते माणूस चांगला आहे’ म्हणाले, तर नकार नीट बसला.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. हल्ली यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडते. नावं, पुढं आकडे, आणि खाली ‘बाकी’ असं शीर्षक देऊन उरलेली नावं. त्यात तुमचं नाव दिसलं, तर ते चुकून आलं असेल किंवा मुद्दाम, ते शोधायला जाऊ नका. ग्रुपवर काही लिहू नका, अंगठाही दाखवू नका. ज्यानं यादी टाकली त्याच्या स्वतःच्या नंबरावर फोन करा आणि म्हणा, ‘बापू, माझं नाव बाकीत आलंय. मी बाकी नाही, मी नाही म्हणालो होतो. तेवढं काढा.’ दुपारी फोन करा, जेवणानंतर. त्या वेळी तो यादी दुरुस्त करतच बसलेला असतो.